आमची वाटचाल: आगळाची बाटली आणि तिच्याखालचं लिखाण

आमचा उद्योग कुडाळ तालुक्यातला, कोकमाचा. सुरुवातीला फक्त आमसुलं आणि आगळ, नंतर अमृत कोकम, आणि मालाचं गिऱ्हाईक बरीच वर्षं ठरलेलं होतं, म्हणजे इथले हॉटेलवाले, गोव्याचे दोन-तीन दुकानदार आणि मुंबईहून मे महिन्यात गावाला येणारे चाकरमानी. या लोकांना काही समजवावं लागत नाही. बाटली बघतात, वास घेतात, भाव विचारतात, झालं. ऑनलाइन विकायला लागल्यावर पहिल्यांदा प्रश्न आला की बाटलीखाली लिहायचं काय, आणि तो प्रश्न वाटला तेवढा छोटा नाही. त्यातूनच आमचं लेखन-मार्गदर्शक तयार झालं. आमच्याकडे कंटेंटसाठी इंटर्न म्हणून जी मुलं येतात त्यांच्या हातात पहिल्या दिवशी आम्ही तेच देतो.

आधी माल काय आहे ते सांगते, कारण लिखाणाची सगळी अडचण तिथूनच सुरू होते. रातांबे म्हणजे कोकमाची फळं, ती पिकतात एप्रिल-मे मध्ये, पाऊस यायच्या आत सगळं उरकायचं असतं. साल आणि बी वेगळी करायची. सालीला मीठ लावून ठेवलं आणि रोज हलवलं की आठवडाभरात जो गडद लाल रस सुटतो तो आगळ. आमच्याकडे किलोभर सालीला दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ पडतं, सालीत पाणी किती आहे त्यावर ते ठरतं. साल साखरेत मुरवली तर अमृत कोकम, म्हणजे सरबताचा पाक. आणि साल रसात बुडवून वाळवायची, परत बुडवायची, परत वाळवायची, असे पुट देत गेलं की आमसूल. फळ एकच, पण एक खारट-आंबट, एक गोड आणि एक सुकं. ऑनलाइन मात्र ओल्या बाटलीतलं सगळंच लोक ‘कोकम ज्यूस’ म्हणून शोधतात आणि विकणारेही कितीतरी जण तसंच लिहितात.

पुण्या-बंगलोरकडून फोन यायचे, ताई तुमचं कोकम ग्लासभर पाण्यात चार चमचे घालून प्यायलो, मीठच मीठ लागतंय, माल खराब आहे का. माल उत्तम होता. त्यांना सरबत हवं होतं आणि हातात आगळ पडलं होतं. सासूबाईंना हे काही केल्या पटेना, त्या म्हणाल्या, ‘‘आगळ खारट आसता ह्यां काय सांगूक व्हया?’’ इथल्या माणसाला खरंच नको. पण ज्यांच्या घरात ही बाटली पहिल्यांदा जातेय त्यांना ते पहिल्याच ओळीत कळलं पाहिजे, म्हणून मार्गदर्शकातला पहिला नियम असा की पहिल्या वाक्यात वस्तू काय आहे, चव कशी आहे आणि ती कशात घालतात या तीनच गोष्टी. कोकणचं निसर्गसौंदर्य, आजीची आठवण, लाल मातीचा सुगंध यातलं पहिल्या वाक्यात काहीही नाही.

आता गेल्या सीझनचं उदाहरण देते. मराठीत एमए करणारी एक मुलगी आमच्याकडे तीन महिने इंटर्न होती. हात चांगला, लिहायची आवड खूप. तिला ५०० मिलीच्या आगळाच्या बाटलीचं वर्णन लिहायला दिलं. तिने मार्गदर्शक वाचलं होतं, पण साइटवरची इतरांची वर्णनं वाचून वाचून डोक्यात जी भाषा बसते तीच पहिल्यांदा हातातून उतरते. पहिला मसुदा असा होता:

‘‘कोकणच्या मातीतलं १००% शुद्ध आणि नैसर्गिक कोकम आगळ! घरगुती पद्धतीने बनवलेलं, जीआय मानांकित, कोणतंही प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं. पित्तावर रामबाण, वजन कमी करण्यास मदत, आरोग्यासाठी अमृत.’’

वाचायला छान वाटतं. पण एकेक शब्द उचलून बघितला तर जवळजवळ काहीच ठेवता येत नाही, आणि हे मी तिच्याबरोबर बसून शब्दाला शब्द लावून केलं, कारण नुसतं खोडून परत दिलं असतं तर पुढच्या वर्णनात तेच आलं असतं.

‘पित्तावर रामबाण’ सगळ्यात आधी गेलं. खाद्यपदार्थाने आजार बरा होतो, टळतो किंवा कमी होतो असा दावा करता येत नाही, एफएसएसएआय म्हणजे देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण, त्यांचे २०१८ चे जाहिरात आणि दाव्यांचे नियम आहेत ते लेबलला लागू आहेत तसेच जाहिरातीलाही, आणि साइटवरचं वर्णन ही जाहिरातच. ती म्हणाली, ‘‘पण ताई, आपल्याकडे सगळेच पित्त उठलं की कोकम घेतात ना.’’ घेतात, मी पण घेते. घरात सांगणं वेगळं, विकायच्या बाटलीखाली छापणं वेगळं. वजनाचंही तेच, आपल्या बाटलीवर तसा कुठलाही अभ्यास झालेला नाही तर लिहायचं कशाच्या जिवावर? आणि ‘आरोग्यासाठी अमृत’ याला माझा विरोध नियमापेक्षाही मिठामुळे आहे. ज्या बाटलीत इतकं मीठ आहे ती बीपी असलेल्या माणसाने अमृत समजून रोज ग्लासभर घ्यावी असं सुचवणं मला चालणार नाही. उलट मीठ आहे हे ठळक लिहा, असं मार्गदर्शकात आहे.

मग ‘नैसर्गिक’. हा शब्द नियमात मोकळा नाही. तो एकाच पदार्थाच्या, काही न मिसळलेल्या मालाला लागतो, आणि आगळात आपण मीठ घातलेलं आहे. ‘घरगुती’ पण गेलं, कारण आपलं युनिट आहे, लायसन्स आहे, सहा बायका कामाला आहेत, घरात केलंय असा समज करून द्यायचा नाही, आणि त्या शब्दावरही नियमांचा आक्षेप आहेच. ‘१००%’ बद्दल तर एफएसएसएआयने मे २०२५ मध्ये वेगळी सूचनाच काढली की लेबलवर आणि जाहिरातीत हा शब्द वापरू नका, लोकांची दिशाभूल होते.

‘जीआय मानांकित’ वर जरा जास्त वेळ गेला. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे हे खरं, आणि आपले रातांबे सिंधुदुर्गातलेच हेही खरं. पण ते मानांकन मालावर लावायचा हक्क ज्यांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केलीय त्यांना असतो, नुसतं त्या जिल्ह्यात राहून तो मिळत नाही. आमची नोंदणी अजून नाही, म्हणून आम्ही ‘कुडाळ आणि सावंतवाडी तालुक्यातल्या रातांब्यांपासून’ एवढंच लिहितो. हे शंभर टक्के खरं आहे आणि खरेदीच्या वहीत दाखवता येतं.

प्रिझर्व्हेटिव्हचं वाक्य तसं खोटं नव्हतं. पण आगळ टिकतं ते मिठावर आणि त्याच्या आंबटपणावर, म्हणजे टिकवायचं काम मीठच करतंय. मग ‘काहीच नाही’ असं मिरवण्यापेक्षा घटक सरळ लिहिले की वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

एवढं सगळं गेल्यावर ती थोडी हिरमुसली, साहजिक आहे, पानावर काही उरलंच नव्हतं. तेव्हा मार्गदर्शकातला दुसरा नियम कामाला येतो, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: विशेषण काढलं की त्या जागी केलेलं काम लिहायचं. त्यासाठी तिला दोन दिवस लिखाण बंद ठेवून युनिटमध्ये बसवलं. पिंप कसं हलवतात, रस कसा गाळतात, आगळ पितळेच्या भांड्यात का ठेवत नाहीत, हे सगळं तिने बायकांना विचारून घेतलं. सोलकढी करताना मीठ शेवटी आणि चाखूनच घालायचं, कारण आगळात ते आधीच असतं, हे तिला तिथल्या एका मावशींनी सांगितलं आणि ते आमच्या मार्गदर्शकातही नव्हतं. दुसरा मसुदा असा आला:

‘‘कोकम आगळ म्हणजे कोकमाच्या सालीचा मिठात मुरवलेला रस. चवीला आंबट आणि खारट, सोलकढी, आमटी आणि माशाच्या कालवणासाठी. हे गोड सरबत नाही. कुडाळ आणि सावंतवाडी तालुक्यातल्या रातांब्यांची साल मीठ लावून आठवडाभर रोज हलवतो, मग रस गाळून बाटलीत भरतो. सोलकढीसाठी एका नारळाच्या दुधाला ३ ते ४ मोठे चमचे घाला, चव बघा, मगच मीठ घाला. तळाशी गाळ बसतो, वापरण्याआधी बाटली हलवा. रंग बॅचप्रमाणे कमी-जास्त गडद असतो आणि जुना होईल तसा तपकिरीकडे झुकतो. घटक: कोकमाच्या सालीचा रस, मीठ. मिठाचं प्रमाण जास्त आहे. ५०० मिली.’’

हेच आज साइटवर आहे, मी त्यात फक्त एक स्वल्पविराम हलवला. गाळ आणि रंगाची दोन वाक्यं तिने स्वतःहून घातली होती, कारण पॅकिंगला बसलेली असताना तिने दोन बॅचच्या बाटल्या शेजारी ठेवून बघितल्या आणि तिला वाटलं की फोटोत लाल दिसतंय आणि घरी तपकिरी आलं तर माणूस घाबरेल. असं सुचणं हे मला भाषेच्या शुद्धतेपेक्षा जास्त मोलाचं वाटतं. ‘सरबत नाही’ हे वाक्य छापल्यापासून ते खारटपणाचे फोन जवळपास थांबलेत.

मार्गदर्शकात भाषेचे नियमही आहेत, पण ते थोडकेच. गिऱ्हाइकाला ‘तुम्ही’, ‘आपण’ नाही. क्रियापद ‘घाला, हलवा, ठेवा’ असं थेट. माप एकाच पद्धतीने, कारण एकाच पानावर ५०० मि.ली., ५०० एमएल आणि अर्धा लिटर असं असलं की माणसाला वाटतं तीन वेगळ्या बाटल्या आहेत. आणि ‘कोकम ज्यूस’ म्हणून शोधणाऱ्यांसाठी शब्द वर्णनात कोंबायचे नाहीत, खाली प्रश्न-उत्तरात एक ओळ: हा कोकम ज्यूस आहे का? नाही, सरबतासाठी अमृत कोकम बघा. शोधणारा तिथपर्यंत पोचतो आणि त्याला हवी ती बाटली मिळते, त्यामुळे दोन्हीकडचं काम होतं.

आता हातात मुठेलचं वर्णन आहे, म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलाचा गोळा, आणि यात आम्ही अडकलोय. इथे सगळे थंडीत पायांच्या भेगांना आणि ओठांना तेच लावतात आणि घेणाराही त्यासाठीच घेतो. पण त्वचेसाठी म्हणून विकलं की ते कॉस्मेटिकमध्ये जातं, त्याचं लायसन्स वेगळं, आणि आमच्याकडे आहे ते खाद्यपदार्थाचं. नव्या इंटर्नने विचारलं की मग लावतात हे न लिहिता चालेल का. मी तिला सांगितलं, ज्यासाठी घेतात ते लपवून वर्णन लिहायचं नाही आणि लायसन्स नसताना ते लिहायचंही नाही. म्हणून मुठेल सध्या साइटवर चढवलेलं नाही, लायसन्सच्या कागदांचं काम सुरू केलंय आणि मसुदा तिच्या फोल्डरमध्ये तयार आहे.