पगार केव्हा वाढतो?

"पाच वर्षं आर्किटेक्चर शिकूनही सुरुवातीचा पगार एवढा कमी का, आणि तो वाढतो तरी कधी?"

नव्या माणसाचं प्रत्येक ड्रॉइंग दुसऱ्या कुणाला तरी तपासावं लागतं आणि त्या वेळेचा खर्च ऑफिसच्या अंगावर पडतो, हे मुख्य कारण. हे तपासणं लवकर थांबतही नाही, कारण कितीतरी चुका कागदावर दिसतच नाहीत.

जिना घ्या. खालच्या स्लॅबपासून वरच्या स्लॅबपर्यंत 3150 मिलिमीटर, म्हणून 21 रायझर, म्हणजे पायऱ्यांच्या उभ्या चढी, प्रत्येकी 150. हिशेब चोख बसतो, ड्रॉइंग साइटवर जातं, काँक्रीट होतं. मग फरशी येते. मजल्यावर भरणी आणि टाइल मिळून 100 मिलिमीटर चढतात, पायऱ्यांवर मसाला आणि दगड मिळून फक्त 40. आता पहिला रायझर 90 चा उरतो, शेवटचा 210 चा होतो आणि मधले सगळे 150 चेच राहतात. चढताना पायाला एक सवय लागलेली असते, त्यामुळे वरच्या टोकाला माणूस ठेचकाळतो. काँक्रीटमध्येच पहिला रायझर 210 आणि शेवटचा 90 ठेवला असता, तर फरशीनंतर सगळे सारखे झाले असते.

पण ड्रॉइंग निघाल्यापासून फरशी बसेपर्यंत वर्षभर सहज जातं. तोवर ते काढणाऱ्यानं नोकरी बदललेली असते, आणि पुढच्या ऑफिसात तो तसाच जिना काढतो. म्हणून पहिली नोकरी निवडताना मोठ्या नावापेक्षा एकच गोष्ट विचारा: मी ज्याची ड्रॉइंग्ज काढीन, त्या साइटवर मला पाठवाल का?

साइटच्या अनुभवाचं हे महत्त्व लायसन्सच्या नियमांतही दिसतं. अमेरिकेत परवान्यासाठी 3740 तासांचा अनुभव सहा विभागांत नोंदवावा लागतो, शिवाय सहा भागांची परीक्षा असते. त्यातला एक विभाग प्रत्यक्ष बांधकामाचा आहे. भारतात 1972 च्या कायद्याखाली मान्य पदवी मिळाली की कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी करता येते. त्यामुळे सही करायचा अधिकार लवकर हातात येतो, पण ती सही निभावण्याइतका अनुभव तेव्हा नसतो. माझ्या मते पगार नोंदणीनं वाढत नाही. एखादं काम पहिल्या स्केचपासून ताबा देईपर्यंत तुमच्यावर सोपवून वरिष्ठ दुसरीकडे लक्ष देऊ शकतात, तेव्हा तो वाढतो. त्यासाठी दोन-तीन इमारती पूर्ण होताना बघाव्या लागतात, आणि एकेका इमारतीलाच काही वर्षं जातात.

नगररचनेकडे वळणार असाल, तर हे अंतर आणखी लांबतं. विकास आराखडा साधारण 20 वर्षांचा असतो. त्यात आखलेला रस्ता प्रत्यक्ष झाला की मध्येच अडला, हे कळेपर्यंत निम्मी कारकीर्द सरलेली असते. त्यामुळे तिथे स्वतःच्या आराखड्याची वाट न बघता जुने आराखडे आजच्या नकाशावर ठेवून बघायची सवय पहिल्या वर्षापासूनच लावून घ्यावी लागते.