घागर कुठे ठेवायची हे शब्दांत सांगू नका

*“मी प्रॉम्प्टमध्ये सगळं सविस्तर लिहितो, तरी वस्तू भलतीकडे, भलत्याच आकाराची येते. तुम्ही नेमकं काय लिहिता?”*

फार थोडं लिहिते. दोन-चार शब्द, कधी आठ-दहा. बाकीचं सगळं सिलेक्शन सांगतं. मी पुस्तकांची मुखपृष्ठं करते आणि फोटोशॉपमधलं जनरेटिव्ह फिल मे 2023मध्ये बीटा आवृत्तीत आलं तेव्हापासून वापरते आहे. त्यामुळे इथे जे सांगते ते फोटोशॉप आणि त्यातल्या फायरफ्लाय मॉडेलबद्दल आहे.

हे साधन काम कसं करतं ते आधी बघू. तुम्ही निवडलेल्या भागातले पिक्सेल ते पुसल्यासारखे धरतं, आजूबाजूचं चित्र बघतं आणि त्या मोकळ्या जागेत काय असेल ते तुमच्या शब्दांच्या आधाराने रंगवतं. म्हणजे वस्तू कुठे आहे, केवढी आहे, तिच्याभोवती किती हवा आहे, हे सगळं तुम्ही सिलेक्शन करता तेव्हाच ठरून गेलेलं असतं. मग प्रॉम्प्टमध्ये ‘डाव्या कोपऱ्यात’, ‘मध्यम आकाराची’, ‘भिंतीपासून थोड्या अंतरावर’ असं लिहून काही हाती लागत नाही. उलट शब्दांची गर्दी होते आणि ‘भिंत’ लिहिलंत म्हणून निवडलेल्या जागेत वेगळीच भिंत उगवते. `add`, `put`, `please` हेही नको. वस्तूचं नाव आणि तिचं वर्णन एवढंच पुरतं.

एक काम सविस्तर सांगते. कथासंग्रहाचं मुखपृष्ठ होतं. फोटो जुन्या वाड्याच्या ओसरीचा: डावीकडे सागवानी खांब, खाली शहाबादी फरशी, मागे चुन्याची भिंत. सकाळचं ऊन डावीकडून येत होतं आणि खांबाची सावली फरशीवरून उजवीकडे लांब गेली होती. संपादकांना भिंतीपाशी तांब्याची घागर हवी होती.

सिलेक्शनच्या आधी मी फोटोची प्रत काढून ती छपाईच्या मापाला आणली. हे सहसा कोणी करत नाही, पण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. फायरफ्लायची सुरुवातीची मॉडेलं निवडलेला भाग कितीही मोठा असला तरी जास्तीत जास्त 1024 × 1024 पिक्सेलचं चित्र तयार करायची आणि ते ताणून त्या जागेत बसवायची. नवीन मॉडेलांत तपशील वाढला आहे, तरी सवय मोडू नये. माझ्या मूळ फोटोत घागर आणि तिची सावली मिळून सोळाशे पिक्सेलच्या वर रुंद झाली असती. म्हणजे ती ताणली जाणार, आणि शेजारच्या फरशीचा खरखरीतपणा स्पष्ट असताना घागर तेवढी साबणासारखी गुळगुळीत दिसणार. मुखपृष्ठाच्या मापात, म्हणजे कापणीसाठी कडेने सोडलेल्या ब्लीडसकट साधारण 1700 × 2600 पिक्सेलमध्ये, तेवढीच जागा 700 पिक्सेलची होते. मग ताणायचा प्रश्नच येत नाही.

आता सिलेक्शन. पहिल्यांदा लॅसोने घागरीच्या अंदाजाने गोलसर जागा निवडली, कडेने थोडी सैल. सैल ठेवायचं कारण असं की, कड अगदी घट्ट आखलीत तर मॉडेल तुमची आखणी हाच वस्तूचा आकार समजतं आणि त्या साच्यात काहीतरी कोंबून बसवतं. आणि फार मोठा चौकोन निवडलात तर वस्तू तो चौकोन भरायला बघते, किंवा सोबतीला न मागितलेल्या वस्तू येतात. प्रॉम्प्ट लिहिला:

```
copper pot
```

तीन पर्याय आले. तिन्ही तांब्याचे, तिन्ही पातेली. बाजूला कान, रुंद तोंड, एकाला तर लांब दांडा. इथे मी एक गोष्ट नेहमी तपासते. तिन्ही पर्याय वेगवेगळ्या कारणांनी फसले असतील तर शब्द तसेच ठेवून पुन्हा `Generate` करायला हरकत नाही, त्यातला एखादा जमून जातो. पण तिन्ही एकाच प्रकारे फसले असतील तर पुन्हा पुन्हा दाबून काही उपयोग नाही. मॉडेलला तुमचा शब्द कळला आहे, फक्त त्याच्या लेखी त्या शब्दाचा अर्थ दुसरा आहे. `pot` म्हणजे स्वयंपाकाचं भांडं, हे त्याच्या बाजूने बरोबरच होतं.

अशा वेळी आपल्याकडच्या वस्तूचं नाव सोडून द्यायचं आणि ती डोळ्यांना कशी दिसते ते लिहायचं. घागर म्हणजे काय? गोल पोट, अरुंद गळा, बाहेर वळलेली कड, ठोक्यांच्या खुणा असलेला पत्रा.

```
round hammered copper water pot, narrow neck, flared rim
```

‘कान नकोत’ हे मात्र लिहिलं नाही. `no handles` लिहिलं की `handles` हा शब्द प्रॉम्प्टमध्ये आलाच, आणि माझा अनुभव असा की कान बऱ्याचदा येतातच. नको असलेल्या गोष्टीऐवजी तिच्या जागी काय हवं ते लिहावं. इथे गोल पोट आणि अरुंद गळा सांगितल्यावर कानांना जागाच उरली नाही.

आकार आला. पण घागर फरशीवर टेकलेली वाटेना, तरंगत होती. सावली होती ती बुडाखालची चिमूटभर काळी रेघ. खांबाची सावली एवढी लांब पडलेली असताना घागरीला सावली नाही, हे वाचकाला नेमकं सांगता येणार नाही, पण खटकेल नक्की. इथे बरेच जण प्रॉम्प्टमध्ये `long shadow on the right, morning sunlight from left` असं भर घालत बसतात. अडचण शब्दांची नसतेच. माझ्या सिलेक्शनमध्ये उजवीकडची फरशी नव्हती, आणि सिलेक्शनच्या बाहेर हे साधन एक पिक्सेलही बदलत नाही. सावली पडायला जागाच दिली नव्हती.

म्हणून नवीन सिलेक्शन केलं: घागरीपुरता गोल भाग, आणि खालून उजवीकडे, खांबाच्या सावलीच्याच दिशेने आणि तेवढ्याच तिरकेपणाने गेलेली फरशीवरची एक लांबट शेपटी. खांबाची सावली मुद्दाम सिलेक्शनच्या बाहेर ठेवली, कारण ऊन कुठून येतंय हे मॉडेलला कळायचं ते तिच्यावरूनच. पहिला घागरीचा लेअर बंद केला, नाहीतर जुनी घागरही त्याला आजूबाजूचा भाग म्हणून दिसत राहते. प्रॉम्प्ट अक्षरही न बदलता तोच ठेवला. हे मी हट्टाने पाळते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, सिलेक्शन तरी नाहीतर शब्द तरी. दोन्ही एकदम बदललं तर सुधारणा कशाने झाली ते कळत नाही, आणि पुढच्या खेपेला पुन्हा अंधारात चाचपडणं आलं.

या वेळी सावली आली, दिशाही बरोबर. एका पर्यायात पोटावर डाव्या बाजूने उन्हाची तिरीपही होती. तोच निवडला. आता उरलं तोंड. 100 टक्क्यांवर झूम करून पाहिलं तर कड एका बाजूला वितळल्यासारखी दिसत होती आणि गळ्याचा गोल वाकडा होता. धातूच्या भांड्यांची तोंडं, साखळ्यांच्या कड्या, खुर्चीचे मागचे पाय, माणसांची बोटं, अशा ठिकाणी हे साधन हमखास चुकतं. पूर्ण चित्र पडद्यावर लहान करून पाहिलं तर ते दिसत नाही, छापून आल्यावर दिसतं.

इथे आख्खी घागर पुन्हा मागायची नाही. चांगली जमलेली सावली आणि तिरीप हातची जाईल. फक्त गळा आणि कड, त्याभोवती थोडंसं पोट आणि थोडी भिंत एवढं निवडलं. आता प्रॉम्प्टही फक्त त्या भागाचा:

```
round copper rim, dark inside
```

पूर्ण घागरीचं वर्णन इथे परत लिहिलंत तर त्या एवढ्याशा जागेत दुसरी छोटी घागर बसवलेली मिळते. लहान भाग निवडल्याचा आणखी एक फायदा होतो. मॉडेलची सगळी ताकद तेवढ्याच पिक्सेलांवर लागते, त्यामुळे तपशील जास्त नेमका येतो. नवीन भाग वेगळ्या लेअरवर, स्वतःच्या मास्कसकट येतो. म्हणून जिथे नवं आणि जुनं जुळत नव्हतं तिथे मास्कवर मऊ काळ्या ब्रशने हात फिरवून खालची मूळ घागर परत आणली. ती जोडणी मी मॉडेलवर सोपवत नाही. ब्रशने ती दोन मिनिटांत होते आणि माझ्या मनासारखी होते.

तुमच्याकडे खऱ्या घागरीचा चांगला फोटो असेल तर मी वेगळा सल्ला देईन. तीच कापून ओसरीवर बसवा आणि जनरेटिव्ह फिल फक्त सावलीसाठी वापरा: बुडाचा काठ आणि फरशीवरची शेपटी निवडा, प्रॉम्प्टमध्ये `soft shadow on stone floor` एवढंच. संदर्भ म्हणून चित्र जोडायची सोय 2024मध्ये आली आहे, तीही अशा वेळी उपयोगी पडते. पण मिळतं ते त्या घागरीसारखं काहीतरी, तीच घागर नाही. ठरावीक घराण्यातली, नक्षी ओळखता येईल अशी वस्तू दाखवायची असेल तर त्या ‘सारखं’वर समाधान मानू नये.

आता फोटोशॉपमध्ये दुसऱ्या कंपन्यांची मॉडेलं निवडायचीही सोय आहे. त्यांना वाक्यात सूचना दिलेली चालते, ‘भिंतीपाशी घागर ठेव’ असं लिहिलं तरी ती समजतात. माझं मत विचाराल तर छपाईच्या कामात मला तरीही सिलेक्शनचा ताबा हवा असतो, कारण मुखपृष्ठावर शीर्षकाची जागा आधी ठरलेली असते आणि घागरीने तिथे एक इंचसुद्धा सरकून चालत नाही.

काम संपल्यावर दोन गोष्टी करते. प्रत्येक जनरेटिव्ह लेअर स्वतःबरोबर सगळे पर्याय सांभाळून ठेवतो आणि फाइल फुगत जाते, म्हणून नको असलेले पर्याय `Properties` पॅनलमधून काढून टाकते. प्रॉम्प्टही तिथेच दिसतो, त्यामुळे पुढच्या वेळी तसंच भांडं लागलं तर शब्द तिथून उचलता येतात. आणि घागरीवर मालकाचं नाव कोरलेलं हवं असं संपादक म्हणाले, तेव्हा ते मॉडेलकडे मागितलंच नाही. देवनागरीच्या नावाखाली तिथे काना-मात्रेसारख्या दिसणाऱ्या, पण वाचता न येणाऱ्या रेघा येतात. नाव टाइपच्या लेअरवर लिहिलं, `Warp`ने पोटाच्या गोलाईवर वाकवलं आणि ब्लेंडिंग `Multiply` ठेवून तांब्यात उतरवलं.