दहा रुपयांचा खेळ आणि उत्तरसूचीतील ३.४३ रुपये

माझी भाची बारावीत आहे आणि सीताबर्डीच्या बाजूला असलेल्या एका शिकवणी वर्गात गणितासाठी जाते. तेथील चाचणीत अपेक्षित मूल्याचे, म्हणजे खूप डावांत सरासरीने डावामागे किती मिळेल याचे, एक उदाहरण आले होते, ज्याचे उत्तरसूचीतील उत्तर चुकीचे होते. ते चुकीचे आहे हे मान्य करून घेताना जो मनस्ताप झाला, त्याचा राग अजून गेलेला नाही.

उदाहरण असे होते. खेळण्यासाठी दहा रुपये भरावे लागतात. खेळाडू १ ते ६ पैकी एक अंक निवडतो आणि तीन फासे टाकले जातात. निवडलेला अंक एका फाशावर आला तर त्याला २० रुपये मिळतात, दोन फाशांवर आला तर ३०, तिन्ही फाशांवर आला तर ४०, आणि एकाही फाशावर आला नाही तर काहीच मिळत नाही. खेळाडूचा अपेक्षित निव्वळ नफा किती? भाचीचे उत्तर होते सुमारे ७९ पैसे तोटा. उत्तरसूचीत मात्र ३.४३ रुपये नफा छापला होता.

प्रत्येक डावामागे साडेतीन रुपये खिशातून घालणारा खेळवाला नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत बसला, तर पहिल्याच संध्याकाळी त्याच्यापुढे रांग लागेल. एवढ्यावरून शंका यायला हवी होती. पण शिकवणीच्या खिडकीवर शंका चालत नाही, पुरावा लागतो. म्हणून आम्ही सर्व निष्पत्ती लिहून काढायचे ठरवले.

तीन फाशांच्या निष्पत्ती ६ × ६ × ६, म्हणजे २१६. चौकटीच्या वहीत पहिल्या फाशाच्या प्रत्येक अंकासाठी एक असे सहा तक्ते आखावेत. आडव्या ओळीत दुसरा फासा, उभ्या ओळीत तिसरा. आम्ही निवडलेला अंक ४ धरला आणि प्रत्येक घरात ४ किती वेळा आला तेवढेच लिहिले. पहिला फासा ४ नसलेले पाचही तक्ते अगदी सारखे निघतात: २५ घरांत शून्य, १० घरांत एक, एका घरात दोन. पहिला फासा ४ असलेल्या तक्त्यात २५ घरांत एक, १० घरांत दोन आणि एका घरात तीन. सगळे मिळून शून्याची १२५ घरे, एकाची ७५, दोनाची १५ आणि तीनाचे १, बेरीज २१६. ही बेरीज जुळली नाही, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

फासे एकसारखे दिसतात म्हणून १-२-४ आणि ४-२-१ एकच धरू नये, हे येथेच सांगून ठेवतो. तसे केले तर यादी ५६ ओळींची होते आणि सोयीची वाटते. पण त्या ओळी समसंभाव्य नसतात. १-२-४ हा संच सहा प्रकारे येतो, ४-४-१ तीन प्रकारे आणि ४-४-४ एकाच प्रकारे. ५६ ओळींना समान संभाव्यता दिली, तर तोटा ७९ पैशांऐवजी सव्वा रुपया येतो. फासे लाल, हिरवा आणि निळा आहेत असे मानले की हा घोळ होत नाही.

खरी अडचण यादीत नव्हतीच, कारण १२५, ७५, १५ आणि १ हे आकडे शिकवणीच्या सरांच्या वहीतही तसेच होते. अडचण दहा रुपयांची होती. सरांनी लिहिले होते: ७५ वेळा २०, १५ वेळा ३०, एकदा ४० आणि १२५ वेळा वजा १०, बेरीज ७४०, भागिले २१६, म्हणून ३.४३. खिडकीवरच्या बाईंनी आमच्या वहीतला तक्ता न पाहताच, उत्तरसूची दोघांनी तपासलेली आहे, असे सांगून वही परत सरकवली. पुढे सर भेटले, तेव्हा त्यांचे म्हणणे होते, "हरल्यावर दहा रुपये वजा केलेच आहेत. जिंकल्यावर कशाचे वजा करायचे?" भाचीही घरी येताना म्हणाली, "मामा, सरांचं ऐकताना तेच बरोबर वाटतं."

ते बरोबर वाटते, कारण वजा १० हा आकडा हरण्याची शिक्षा असल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात ते प्रवेशशुल्क आहे आणि फासे पडण्याआधीच दिलेले आहे. २१६ पैकी प्रत्येक ओळीत ते दिलेले आहे. म्हणून मी संभाव्यतेचे नाव न घेता नुसता हिशेब मांडला. २१६ डाव झाले आणि प्रत्येक निष्पत्ती नेमकी एकदाच आली असे समजा. खेळवाल्याकडे जमा २,१६० रुपये. त्याने वाटले ७५ वेळा २०, म्हणजे १,५००; १५ वेळा ३०, म्हणजे ४५०; आणि एकदा ४०. एकूण १,९९०. त्याच्याकडे उरले १७०. तेवढाच खेळाडूंचा एकूण तोटा, आणि १७० भागिले २१६ म्हणजे सुमारे ७९ पैसे.

सर यावरही लगेच मानले नाहीत. पण दोन्ही बेरजांमधला फरक पाहिल्यावर मात्र त्यांचा पेन थांबला. त्यांच्या मते खेळाडूंना ७४० नफा, यादीप्रमाणे १७० तोटा; फरक ९१० रुपयांचा. जिंकण्याच्या ओळी ७५, १५ आणि १ मिळून ९१ आहेत. म्हणजे बरोबर त्या ९१ ओळींचे दहा-दहा रुपये वजा करायचे राहिले होते. दोन उत्तरे जुळत नसतील, तर दशांशातला फरक पाहत बसू नये; दोन्हींना २१६ ने गुणून रुपयांतला फरक काढावा, तो बहुधा कोणत्या ओळी बिघडल्या ते स्वतःच सांगतो.

उदाहरणाची भाषा नीट वाचणे किती गरजेचे आहे, तेही येथेच दिसते. बक्षिसे १०, २० आणि ३० असती आणि भरलेले दहा परत मिळत असते, तरी उत्तर हेच आले असते. तीच बक्षिसे असून दहा परत मिळत नसते, तर वाटप १,०८० होऊन तोटा डावामागे पाच रुपये झाला असता. यादी तीच, उत्तर निराळे. म्हणून निष्पत्तीशेजारी "हाती आले", "भरले" आणि "निव्वळ" असे तीन रकाने आधीच आखावेत, आणि "भरले" या रकान्यात प्रत्येक ओळीत १० लिहावेत.

एका पालकाने सुचवले होते की पन्नास वेळा फासे टाकून पाहा. त्याने हा वाद मिटला नसता. एका डावाच्या निव्वळ रकमेचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून होणारा साधारण चढउतार, ११ रुपयांच्या आसपास आहे. त्यामुळे पन्नास डावांची सरासरी चार रुपये तोट्यापासून सव्वादोन रुपये नफ्यापर्यंत कोठेही सहज पडू शकते. नफा की तोटा, एवढेही त्यातून खात्रीने कळत नाही.

अखेर उत्तरसूची बदलली आणि भाचीला गुण मिळाले. सुधारलेले उत्तर मात्र ९० पैसे तोटा असे लावले आहे. ते कोठून आले, हे शोधायला वेळ लागला नाही. संभाव्यता दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिल्या, तर ०.५८, ०.३५, ०.०७ आणि ०.०० येतात, त्यांची बेरीज अगदी १ भरते, म्हणून संशय येत नाही, पण ४-४-४ ची ओळ नाहीशी होते आणि बाकीच्या आकड्यांतही पुरेसा फरक पडतो. शेवटच्या भागाकारापर्यंत छेद २१६ च ठेवावा, असे मी त्या कागदाखाली पेन्सिलीने लिहून आलो आहे.