बुडालेले पैसे परत आले, पण २०२०-२१ ला हात लावायचा नाही

निपाणीतल्या एका पशुखाद्याच्या घाऊक पेढीचं २०२३-२४ चं ऑडिट चालू होतं. सस्पेन्स खात्यावर एकच रक्कम उरली होती, १,२०,००० रुपये जमा. बँकेच्या उताऱ्यात जानेवारी २०२४ मधली एनईएफटी, आणि पाठवणाऱ्याचं नाव दिवाणजींच्या ओळखीचं नव्हतं. तीन महिने कुणी विचारायला आलं नाही, म्हणून त्यांनी ती तिथेच ठेवली होती.

आडनाव आणि गाव जुळवत मागे गेल्यावर उलगडा झाला. कागल तालुक्यातल्या नदीकाठच्या गावात या पेढीचा एक दुकानदार होता. २०१८-१९ ची चार बिलं, एकूण २,४०,०००. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्याचं दुकान पाण्याखाली गेलं, पोती कुजली, उधारी थकली. ३१ मार्च २०२१ ला पेढीने त्यातले १,५०,००० बुडीत म्हणून काढून टाकले. उरलेले ९०,००० ठेवले, कारण तेवढ्याची त्याच्या भावाने लेखी हमी दिली होती. आता त्या दुकानदाराचा मुलगा कमावता झाला होता आणि त्याने स्वतःच्या खात्यातून पैसे पाठवले होते.

दिवाणजींनी लगेच सुचवलं, "पार्टीच्या खात्याला जमा टाकतो, झालं." तसं केलं असतं तर पार्टीच्या खात्यावर ९०,००० येणं आणि १,२०,००० जमा, म्हणजे ३०,००० ची उलटी बाकी दिसली असती. ताळेबंदात ती ग्राहकाची आगाऊ रक्कम म्हणून बसते, किंवा येणेकऱ्यांच्या एकूण बेरजेतून गुपचूप वजा होते. दोन्ही खोटं. त्या माणसाने आगाऊ काही दिलं नव्हतं, उलट अजून १,२०,००० देणं लागत होता.

मालकांचा आग्रह वेगळा होता. "साहेब, टॅलीत २०२१ उघडूया की. राइट ऑफची एंट्रीच तीस हजारांनी कमी करा. अण्णांनाही त्यांचा वाटा मिळेल." अण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. २०२०-२१ मध्ये तिघे भाऊ भागीदार होते, तोटा तिघांच्या वाट्याला सारखा गेला. अण्णा मार्च २०२२ अखेर निवृत्त झाले. त्यांच्याही हिश्शातून कापलेले पैसे परत आले, मग त्यांना का नाही, हा प्रश्न माणुसकीचा होता आणि मला तो पटतही होता. पण त्याचं उत्तर जुन्या वर्षात नव्हतं.

टॅलीत सगळी वर्षं एकाच कंपनीत चालू असतील तर मार्च २०२१ च्या व्हाउचरमध्ये रक्कम बदलताच त्या वर्षाचा नफा बदलतो आणि पुढच्या प्रत्येक वर्षाची सुरुवातीची बाकी आपोआप सरकते. सॉफ्टवेअर ओरडत नाही. सह्या झालेला ताळेबंद, भरलेलं विवरणपत्र आणि अण्णांना निवृत्त होताना दिलेला हिशेब मात्र जुन्याच आकड्यावर राहतो. असा हात कुणी लावला आहे का, हे कळायला साधा उपाय आहे: टॅलीतली १ एप्रिलची येणेकऱ्यांची आणि भांडवलाची बाकी मागच्या सही केलेल्या ताळेबंदाशी रुपयापर्यंत ताडून पाहायची. मी कुठल्याही ऑडिटची सुरुवात याच ताडणीने करतो.

आणि मुळात २०२१ ची नोंद चुकलेली नव्हतीच. त्या दिवशी हातात असलेल्या माहितीवर १,५०,००० बुडाले असं मानणं बरोबर होतं. लेखामानक ५ नुसार पूर्वकालीन बाब म्हणजे मागच्या वर्षात झालेली चूक किंवा राहून गेलेली नोंद. अंदाज नंतर बदलला, तर तो बदल ज्या वर्षी कळतो त्या वर्षाचा. म्हणून वसुली हे २०२३-२४ चंच उत्पन्न.

मग १,२०,००० ची फोड. पुस्तकात ९०,००० अजून मालमत्ता म्हणून उभे होते, ते आधी फिटतात. त्यावरचे ३०,००० हीच बुडीत रकमेची वसुली. सस्पेन्समधली मूळ पावती न खोडता आम्ही F7 वर जर्नल टाकलं:

```
सस्पेन्स खाते          नावे  १,२०,०००
  पार्टीचे खाते         जमा     ९०,०००
  बुडीत येणे वसुली खाते  जमा     ३०,०००
```

वसुलीचं खातं टॅलीत `Indirect Incomes` या गटात उघडलं. चालू वर्षाच्या बुडीत खर्चातून ते वजा केलं नाही, कारण तसं केलं की यंदा किती बुडाले आणि किती परत आले, दोन्ही आकडे झाकले जातात.

आयकराचं उत्तरही तेच येतं. त्या वर्षाला लागू असलेल्या १९६१ च्या कायद्याचं कलम ४१(४) सांगतं की एकूण येणं आणि मिळालेली वजावट यांतल्या फरकापेक्षा वसुली जितकी जास्त, तितकं वसुलीच्या वर्षाचं धंद्याचं उत्पन्न. इथे फरक २,४०,००० वजा १,५०,००० म्हणजे ९०,०००, वसुली १,२०,०००, करपात्र ३०,०००. पण आधी मी २०२१-२२ या कर निर्धारण वर्षाचं गणनापत्रक आणि त्यावर आलेली सूचना काढायला लावली. वजावट खरोखर घेतली आणि मंजूर झाली होती का, हे पाहिल्याशिवाय हा आकडा धरता येत नाही. वजावट मिळालीच नसेल, तर या कलमाखाली ३०,००० वर कर लागत नाही. इथे ती मिळाली होती. हीच आकडेमोड ३सीडी फॉर्मच्या २५ व्या कलमात लिहिली.

अण्णांसाठी मार्ग सोपा निघाला. निवृत्तीच्या करारात अशा वसुलीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून पेढीच्या पुस्तकात उत्पन्न आजच्या दोघांचंच. त्यातले दहा हजार थोरल्या भावाला द्यायचे त्यांनी ठरवलं, ते दोघांच्या उचलीतून पाच-पाच हजार गेले. पेढीचा खर्च म्हणून नाही.

मुलगा पावती घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "जुनी बिलं पुरात गेली ओ, नवीन बिल करून देता काय?" मालक हो म्हणणारच होते. नवीन बिल म्हणजे नवीन विक्री. माल गेला नाही तरी साठा कमी दिसला असता, उलाढाल फुगली असती. पशुखाद्यावर जीएसटी नाही म्हणून इथे तेवढ्यावरच भागलं असतं. करपात्र माल असता तर विक्रीच्या वेळी भरलेला कर पुन्हा भरावा लागला असता. वसुली हा पुरवठा नाही. त्याला जुन्या बिलांच्या प्रती काढून दिल्या आणि पावतीवर चारही बिलांचे क्रमांक घालून "खात्यापोटी" असं लिहिलं. "पूर्ण फेड" असं लिहू दिलं नाही. राइट ऑफ हा पेढीचा आपल्या घरातला हिशेब असतो, त्याने समोरच्याचं देणं माफ होत नाही.

पार्टीचं खातं आता शून्यावर आलं होतं, आणि शून्य बाकीचं खातं वर्षभरात कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून दिवाणजींनी बुडीत रकमांची एक वही केली: पार्टी, बिलं, कुठल्या वर्षी किती काढले, वजावट मिळाली का, परत किती आले. त्याच मुलाने पुढच्या वर्षी ४०,००० पाठवले. या वेळी फोड करायची नव्हती, सगळेच वसुली खात्याला गेले. वहीत त्या ओळीवर आता १,५०,००० पैकी ७०,००० आले, बाकी ८०,००० असं दिवाणजींच्या अक्षरात लिहिलेलं आहे.