अभ्यासाचा करार दुसऱ्यांदा लिहिताना

जुलैमधल्या जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन-४ पातळीसाठी मी फेब्रुवारीत नोकरी सांभाळून जपानीचा अभ्यास सुरू केला, तेव्हा स्वतःशी एक लेखी करार केला होता. रोज एक तास अभ्यास, चुकलेला तास दुसऱ्या दिवशी भरून काढायचा आणि तो भरला नाही तर ५०० रुपये दंड. तिसऱ्या आठवड्यात माझ्या नावावर सहा तासांची थकबाकी जमली आणि मी वही उघडायचेच टाळू लागले. दंड तर इतका जड होता की तो मी एकदाही बाजूला काढला नाही.

मार्चमध्ये करार नव्याने लिहिला. या वेळी किमान अभ्यास तासांत न मोजता कामात मोजला : पंधरा जुनी कार्डे मोठ्याने वाचायची आणि दोन नवी कांजी, म्हणजे जपानीतली चिनी मूळची अक्षरे, शब्दांसकट वहीत लिहायची. हा आकडा ठरवण्याआधी, खूप थकून घरी आलेल्या एका रात्री मी घड्याळ लावून तेवढे काम करून पाहिले. बावीस मिनिटे लागली. त्या रात्री जे जमले तेच किमान धरले. रविवारचा मोठा अभ्यास कराराबाहेर ठेवला.

चुकलेल्या दिवसाची थकबाकी धरायची नाही, पण दुसऱ्या दिवशी नवी अक्षरे बंद आणि पंधरा जुनी कार्डे संपेपर्यंत रात्रीची मालिका बंद, असे लिहिले. महिन्याला तीन रजा ठेवल्या, मात्र त्या आदल्या रात्रीच वहीत नोंदवायच्या. करार अठ्ठावीस दिवसांचा असेल आणि कलमे मुदत संपल्यावरच बदलता येतील, हेही घातले, कारण वाईट दिवशी मी ती नक्कीच सैल केली असती. साक्षीदार म्हणून धाकट्या बहिणीची सही घेतली.

मे महिन्यात भाचीच्या लग्नासाठी दोन रजा आधीच लिहून ठेवल्या होत्या. तिसरा दिवस परतीच्या प्रवासात खरोखर चुकला. चौथ्या रात्री टीव्ही बंद ठेवून कार्डे काढली, तर ‘मात्सु’ म्हणजे वाट पाहणे आणि ‘मोत्सु’ म्हणजे हातात धरणे, या दोन अक्षरांत माझी गल्लत झाली. दोन्हींचा उजवा भाग सारखाच आहे. मालिका चुकल्याचे दुःख थोडके होते, पण शिक्षा त्याच रात्री भोगता येण्याजोगी असल्यामुळे ती पाळली गेली.

करारातली एक उणीव मात्र सराव परीक्षेत कळली. वाचनाचे गुण वाढले होते, पण ऐकण्याचे जागच्या जागी होते, कारण श्रवणाला किमान अभ्यासात स्थानच नव्हते. म्हणून चालू मुदत संपताच एका नव्या अक्षराऐवजी दहा मिनिटांचे श्रवण घातले आणि त्या बदलाखाली बहिणीची पुन्हा सही घेतली.