आमची वाटचाल : लग्नाच्या शूटिंगपासून जीरावनच्या डबीपर्यंत

इंदूरात रामबागेतल्या एका खोलीत आम्ही सुरुवात केली तेव्हा मी, माझा मावसभाऊ आणि हप्त्यावर घेतलेला एक कॅमेरा, एवढीच फर्म होती. लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं, मिळेल ते शूट करायचं. ते सगळं सांगत बसत नाही, कारण आमची गाडी खरी वळली ती एका मसालेवाल्याच्या चार मिनिटांच्या विनोदी फिल्मवर, आणि तीसुद्धा पहिल्या कटला सपशेल पडली होती.

गोष्ट साधी होती. पुण्याहून पाहुणे मुलगा बघायला इंदूरला येतात, आणि मुलाच्या काकांना खिशातून डबी काढून सगळ्यावर जीरावन, म्हणजे पोह्यांवर टाकतात तो इंदुरी मसाला, भुरभुरायची सवय. क्लायंटचं म्हणणं, डबी निदान सात वेळा दिसली पाहिजे, पैसे मी देतोय ना भिया! आम्ही नवीन, मान डोलावली. पहिल्या कटमध्ये काका पोह्यांवर टाकतात, मग शिऱ्यावर, मग चहात, मग पाण्यात, असं चाललेलंच. घरी दाखवलं तर आई शिऱ्याला हसली, चहाला नुसती हं म्हणाली आणि पाण्याच्या वेळी उठून कुकर बघायला गेली. मी तेव्हापासून कोणाला "कशी वाटली" विचारत नाही, लोक चांगलीच म्हणतात, मी फक्त कोण कधी उठतं ते बघतो.

चूक कळायला दोन रात्री गेल्या. प्रत्येक वेळी आम्ही तोच विनोद फक्त मोठा करत होतो, म्हणजे बघणारा आमच्या आधीच पुढच्या ठिकाणी पोचलेला. विनोदात तीनचा नियम असतो, त्यात पहिल्यांदा फक्त सवय दाखवायची, दुसऱ्यांदा ती पक्की करायची आणि तिसऱ्यांदा मोडायची. पोह्यांवर जीरावन म्हणजे इंदूरात कोणी मान वर करून बघणारसुद्धा नाही, म्हणून पहिली वेळ तीच बरोबर, तिथे हसू आलं नाही तरी चालतं. दुसरी वेळ शिऱ्यावर, अगदी त्याच अँगलने घेतलेली, म्हणजे "अरे हे परत" हे डोळ्यांना लगेच कळतं, पण पहिली नऊ सेकंदांची होती तर ही चार सेकंदांत उरकली कारण आता समजावायचं काही उरलेलं नसतं. आणि तिसऱ्यांदा चहा येतो, सगळे काकांच्या खिशाकडे बघतायत, काका डबी काढतात, उलटी करतात, ठोकतात... रिकामी. शांतता. मग पुण्याच्या आजी पर्स उघडतात आणि स्वतःची डबी काढून आपल्या चहावर भुरभुरतात.

यातही एक भोक होतं. दुसऱ्या कटला सगळे हसले, पण लगेच मावशीने विचारलं, "पण हिच्याकडे कुठून आली रे?" म्हणजे हसू अर्ध्यात तुटलं. मग सुरुवातीला दारात चपला काढताना, सगळे एकदम बोलत असताना, आजींच्या तोंडी एक वाक्य घातलं, "अहो, माझं माहेर इंदूरचंच, खजुरी बाजारातलं." शांत शॉटमध्ये टाकलं असतं तर लोकांनी ते लक्षात ठेवलं असतं आणि शेवट ओळखला असता. गोंधळात कानावरून जातं, पण नंतर बरोबर आठवतं.

अंतराचीही गंमत आहे. आधी पहिल्या दोन वेळा वीस सेकंदांच्या फरकाने होत्या, त्यामुळे ती सवय न वाटता चाळा वाटायची. आता पोहे चाळिसाव्या सेकंदाला, शिरा दीड मिनिटाच्या पुढे, चहा तीन मिनिटांनंतर, आणि मध्ये हुंडा, नोकरी, फ्लॅट असं दुसरंच बोलणं, की डबीचा थोडा विसर पडावा. विसर न पडता परत आणलेला गॅग नुसता रिपीट होतो. क्लायंटच्या सातच्या तीन झाल्या, तो आठ दिवस फोन उचलेना. ॲडव्हान्स परत मागेल असंच वाटत होतं.

त्याच्यासाठी म्हणून मग चौथी वेळ शोधली, पण डबी न दाखवता. डबीच्या झाकणाचा टक् असा आवाज मी रात्री दोनला, पंखा बंद करून, वेगळा रेकॉर्ड केला आणि आधीच्या तिन्ही ठिकाणी तोच बसवला. शेवटी नावं येतात, पडदा काळा, मागून मंगलाष्टकं, "सावधान" ऐकू येतं, अक्षता पडतात, मग टक्, आणि भटजींची शिंक.

क्लायंटने दुकानात मोबाईलवर बघितली. काळ्या पडद्याला हसला, गल्ल्यावरच्या पोराला बोलावून परत लावली आणि मग मला विचारलं, "डबी दिसली नाही, पण ही मोजायची ना?"