काल निगेटिव्ह, आज परत टोचणार?

"ताई, काल रक्त घेतलं ना, मलेरिया नाही म्हणालात, मग आज परत कशाला टोचताय पोराला?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पहिली गोष्ट, "मलेरिया नाही" असं मी म्हणत नाही, रिपोर्टवर "जंतू दिसले नाहीत" लिहिते, पण तिथून खाटेपर्यंत जाताना त्याचं "नाही" होतं हे मला पण माहितेय.

मी गडचिरोलीकडच्या एका छोट्या दवाखान्यात लॅब बघते. आमच्याकडे मलेरियाचा फाल्सिपेरम हा जंतू भरपूर, आणि हा सगळा घोळ त्याचाच आहे. मागच्या पावसाळ्यातला एक मुलगा, एकोणीस वर्षांचा, शनिवारी रात्री अकराच्या सुमारास थंडी वाजून ताप भरला. रविवारी घाम येऊन उतरला म्हणून घरीच राहिला, सोमवारी संध्याकाळी सातला आणला. मी बोटातून रक्त घेऊन स्लाईड केली, मायक्रोस्कोपखाली शंभर फील्ड, म्हणजे एका वेळी दिसते तेवढी एकेक जागा, बघितले, काही नाही. त्याच रात्री अकराला परत हुडहुडी भरली, सकाळी नऊला दुसरी स्लाईड घेतली तर फील्डमागून फील्ड जंतूंच्या रिंगा. चौदा तासांत एवढे जंतू आले कुठून?

ते आले नव्हते कुठूनही, आतच होते. डास चावतो तेव्हा त्याच्या लाळेतून जंतू आत जातात आणि तासाभरात लिव्हरमधे पोचतात. तिथे फाल्सिपेरम साधारण सहा दिवस गुपचूप वाढतो, तोपर्यंत ताप नाही आणि रक्तात पण काही दिसत नाही (म्हणून "काल डास चावला, आज तपासा" म्हणणाऱ्यांना मी परत पाठवते). मग लिव्हरच्या एकेका पेशीतून हजारोंनी बाहेर पडून ते लाल पेशींत घुसतात, आणि तिथून अठ्ठेचाळीस तासांचं चक्र सुरू होतं. पेशीत शिरल्यावर आधी बारीक रिंग, मग मोठा होतो, मग आतल्या आत त्याचे वीसेक तुकडे होतात, पेशी फुटते, तुकडे नवीन पेशींत घुसतात. पेशी फुटतात तेव्हा हुडहुडी भरते.

आता फाल्सिपेरमची खोड अशी की रिंग असताना, म्हणजे पहिले अठरा-वीस तास, तो रक्तातून फिरतो, पण मोठा व्हायला लागला की त्याने धरलेली पेशी बारीक केशवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसते, मेंदूत, आतड्यात, बाईच्या पोटात बाळ असेल तर वारेत. फिरत राहिली तर प्लीहा तिला गाळून टाकेल, म्हणून. मी टोचते बोटाला, तो बसलाय आत. या मुलाचं गणित लावून बघा, शनिवारी रात्री अकराला पेशी फुटल्या, सोमवारी संध्याकाळी सातला चव्वेचाळीस तास झाले होते, म्हणजे जवळजवळ सगळे लपलेले. रात्री अकराला फुटले, सकाळी नऊला दहा तासांच्या ताज्या रिंगा. दरवेळी इतकं घड्याळ लावल्यासारखं होत नाही, बऱ्याच जणांत दोन-तीन टोळ्या वेगवेगळ्या वेळेने चालतात आणि ताप पण रोजच येतो, म्हणून आम्ही आठ ते बारा तासांनी परत स्लाईड मागतो, एकदा नाही तर दोन-तीनदा. मलेरियाचा दुसरा जंतू, व्हायव्हॅक्स, हे लपायचं फारसं करत नाही, त्याच्या सगळ्या अवस्था बोटाच्या रक्तात दिसतात, तो लपतो लिव्हरमधे आणि महिन्यांनी उठतो, तो विषय वेगळा.

स्लाईडचं पण सांगते. एका काचेवर दोन गोष्टी असतात, जाड थेंब आणि त्याच्या पुढे पातळ पसरलेली शेपटी. शेपटी मिथेनॉलने फिक्स करायची, जाड थेंबाला मिथेनॉल लागू द्यायचं नाही, कारण त्यातल्या लाल पेशी पाण्यात फुटून रंग निघून गेला पाहिजे, मागे फक्त पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि जंतू उरतात. मी नवीन असताना मिथेनॉल ओघळून थेंबावर गेलं आणि स्टेन केल्यावर, म्हणजे तपासायचा रंग चढवल्यावर, नुसता लाल चिखल, पेशंटला परत टोचावं लागलं, त्याच्या बायकोने काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. उन्हात गाडीत पडून राहिलेल्या स्लाईडचं पण हेच होतं, उष्णतेने थेंब आपोआप फिक्स होतो.

जाड थेंबात जंतू आहे का ते शोधायचं आणि शेपटीत कोणता आहे ते ठरवायचं. थेंबात रिंग अख्खी क्वचित दिसते, बऱ्याचदा स्वल्पविरामासारखी, तुटकी. निळा भाग आणि त्याला चिकटून लाल ठिपका, दोन्ही दिसल्याशिवाय मी पॉझिटिव्ह म्हणत नाही. प्लेटलेट लाल पेशीवर बसली तर फसवते, पण ती सगळी जांभळट दाणेदार असते, तिला निळी कड नसते. आणि स्टेनचा कचरा फोकस थोडा फिरवला की पेशीच्या वरच्या पातळीवर दिसतो. शेपटीत या मुलाच्या लाल पेशी फुगलेल्या नव्हत्या, रिंगा एकदम नाजूक, एकेका पेशीत दोन-दोन, काही तर पेशीच्या कडेला चिकटवल्यासारख्या. फाल्सिपेरमच. व्हायव्हॅक्स असता तर पेशी फुगलेली आणि आत गुलाबी ठिपके दिसले असते.

मोजणी अशी, जाड थेंबात दोनशे पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत तीस जंतू मिळाले. एका मायक्रोलीटरला पांढऱ्या पेशी आठ हजार धरतात, म्हणून तीस गुणिले चाळीस, बाराशे. आणि शंभर फील्ड म्हणजे साधारण पाव मायक्रोलीटर रक्त. त्यात एकच जंतू सापडला तरी मायक्रोलीटरला चार झाले, आणि अंगात पाच लीटर रक्त म्हणजे पन्नास लाख मायक्रोलीटर, म्हणजे दोन कोटी जंतू. त्याच्या खाली असतील तर मला बहुतेक दिसणारच नाहीत, मी कितीही डोळे फोडले तरी.

मंगळवारी दुपारी मी सोमवारचीच स्लाईड परत काढली, तीनशे फील्ड बघितले. रिंग एकही नाही. पण मोनोसाईट नावाच्या दोन पांढऱ्या पेशींच्या पोटात काळपट तपकिरी दाणे होते. जंतू हिमोग्लोबिन खाऊन जो कचरा टाकतो तो पांढऱ्या पेशींनी गिळलेला होता. आदल्या दिवशी ते माझ्या नजरेतून सुटलं, खरं सांगते.

औषध लगेच सुरू झालं, तिसऱ्या दिवशी रिंगा गेल्या. दहाव्या दिवशी वडील परत धावत आले, स्लाईडवर काहीतरी दिसतंय म्हणे. ती केळी होती, म्हणजे केळीच्या आकाराचे नर-मादी जंतू, त्यांना तयार व्हायलाच दहा-बारा दिवस लागतात. त्यांनी ताप येत नाही, ते थांबलेले असतात डासासाठी. अ‍ॅनाफिलिसची मादी चावली की तिच्या पोटात ते एकत्र येतात, जठराच्या भिंतीला गाठ धरतात आणि हवेच्या उष्णतेप्रमाणे दहा-चौदा दिवसांनी लाळेत येतात. प्रायमाक्विनचा एक डोस त्याला दिला होताच, त्याने ही केळी डासात पुढे वाढायच्या लायकीची राहत नाहीत, पण मेलेल्या-अर्धमेल्या अवस्थेत काही दिवस स्लाईडवर दिसत राहतात. एवढं सांगून त्यांना घरी पाठवलं.

त्याच आठवड्यात आशाताईंनी शेजारच्या घरांतल्या बावीस जणांच्या स्लाईडी आणून दिल्या. एकच पॉझिटिव्ह निघाली, एका आजीची, ताप नव्हता तिला, फक्त केळी होती.